फोटोतली केटलबेल: खुणा वाचाव्यात की माप काढावं?

जुनं जिम सामान विकणारा माणूस साधारण दोन-तीन फोटो टाकतो आणि खाली एक ओळ लिहितो: 'केटलबेल, बँड, अ‍ॅब व्हील, सगळं मिळून इतके.' वस्तू केटलबेल आहे, म्हणजे वर हँडल असलेला वजनाचा गोळा, हे कुणालाही दिसतं. खरा प्रश्न पुढचा असतो: कसली केटलबेल, किती वजनाची, आणि व्यायामाचा रबरी बँड कोणता. फोटोवरून याचं उत्तर काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वस्तूवरच्या खुणा वाचणं, म्हणजे रंग, कोरलेला आकडा, छापलेला शब्द. दुसरा म्हणजे फोटोतल्या ओळखीच्या मापाशी ताडून वस्तूचा आकार काढणं आणि त्यावरून ती कशाची असेल हे ठरवणं. दोन्ही मार्ग उपयोगी आहेत. तरी कुठल्या मार्गावर पैसे लावायचे असं विचारलं, तर माझा कल मापाकडे आहे, आणि त्याचं मुख्य कारण रंग हे आहे.

आधी खुणांची बाजू. त्यांचा मोठा गुण म्हणजे वेग. स्पर्धेसाठी बनलेल्या पोलादी केटलबेलला ठरलेले रंग असतात: ८ किलो गुलाबी, १२ निळी, १६ पिवळी, २० जांभळी, २४ हिरवी, २८ नारिंगी, ३२ लाल. फोटोत हिरवी दिसली आणि ती खरंच स्पर्धेची असली, तर २४ किलो म्हणून मोकळं व्हावं. इथे मापाचा काहीही उपयोग नाही, कारण ही जात मुद्दामच एका आकाराची बनवतात. ८ किलोची असो वा ३२ची, गोळ्याचा व्यास सुमारे २१० मिलिमीटर आणि उंची सुमारे २८० मिलिमीटर. वजन वाढलं तरी मनगटावर ती टेकते ती जागा बदलू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे हलकी केटलबेल आतून पोकळ असते आणि जड होत जाते तशी पोकळी भरत जाते. फोटोत दोघी जुळ्या दिसतात, फरक फक्त रंगाचा.

अडचण 'ती खरंच स्पर्धेची असली तर' या अटीत आहे. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या, बाहेरून प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेल्या केटलबेलही याच रंगांत येतात आणि तिथे रंगाला कसलाही अर्थ नसतो. एका कारखान्याची पिवळी ४ किलोची, दुसऱ्याची पिवळी १० किलोची. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या केटलबेलला काही जण तळाशी रंगीत रबर चढवतात, काही जण हँडलच्या मुळाशी रंगाचा पट्टा देतात, आणि जुनी वस्तू विकण्याआधी मालकाने स्वतःच रंगाचा डबा काढलेला असतो, तो भाग वेगळाच. विकणारा खोटं बोलत असतो असं नाही, बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं. पण पाहणाऱ्याला एकदा स्पर्धेचे रंग पाठ झाले, की डोळा प्रत्येक पिवळ्या गोळ्यावर १६ लिहून मोकळा होतो. नेमका हाच त्रास मला सहन होत नाही. खूण चुकते तेव्हा ती थोडी चुकत नाही, दुपटीने चुकते, आणि चुकताना पूर्ण खात्रीने बोलते.

आकड्यांचंही तेच. बाहेरून आलेल्या केटलबेलवर कोरलेला आकडा पौंडांचा असू शकतो. एक पौंड म्हणजे ०.४५ किलो, तेव्हा '२०' म्हणजे जेमतेम ९ किलो. आकड्यापुढे एकक असतं, पण रंग उडालेला असतो किंवा फोटोत ती बाजू मागे गेलेली असते. नुसता १० किंवा २० दिसला तर शंका ठेवावी, कारण किलोच्या आणि पौंडांच्या दोन्ही रांगांत हे आकडे येतात. १५, २५, ३५ दिसले तर पौंडांची शक्यता जास्त. १६, २४, ३२ दिसले तर किलोची, कारण ही रांग रशियातल्या पूद या जुन्या वजनावरून आली आहे आणि एक पूद म्हणजे १६.३८ किलो.

आता मापाचा मार्ग. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. बिडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.२ पट, काँक्रीटची सुमारे २.३ पट. म्हणजे तितक्याच वजनाला सिमेंटला तिपटीहून जास्त जागा लागते. ही जागा लपवता येत नाही, रंग कुठलाही दिला तरी. हँडलचं वजन बाजूला काढून गोळ्याचा व्यास मोजला, तर बिडाची ८ किलोची केटलबेल साधारण १२ सेंटिमीटर भरते, १२ किलोची १४, १६ किलोची साडेपंधरा, २० किलोची १७ आणि २४ किलोची १८. सिमेंटची ८ किलोची मात्र प्लास्टिकच्या कवचासकट १९ सेंटिमीटरच्या आसपास जाते, १२ किलोची २२ च्या, १६ किलोची २४ च्या. थोडक्यात, सिमेंटची ८ किलोची केटलबेल बिडाच्या २४ किलोच्या केटलबेलहून मोठी दिसते. हे हिशोबाचे आकडे आहेत, तळ किती सपाट केला आणि हँडल किती जाड ठेवलं यावर सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं. पण दोन जातींमधलं अंतर त्याहून कितीतरी मोठं आहे.

माप काढायला फोटोत एक ओळखीची वस्तू लागते. घराच्या फोटोत ती बहुधा फरशी असते. व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक घरांत ६० सेंटिमीटरची, जुन्या घरांत ३० सेंटिमीटरची. फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून शाळेची साधी पट्टी पडद्यावर धरली तरी पुरतं, कारण आपल्याला फक्त प्रमाण हवं आहे. गोळा सर्वांत रुंद असतो तिथे आडवा मोजावा. उभा मोजू नये, कारण तळ सपाट कापलेला असतो आणि वरून काढलेल्या फोटोत उंची दबते. फरशीची रुंदी मोजताना गोळ्याच्या मध्याखालून जाणारी रेघ धरावी, पुढची किंवा मागची नाही.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त बिघडते, म्हणून थोडं थांबतो. फोन हातात धरून अर्ध्या मीटरवरून फोटो काढला आणि माप घेतलेली रेघ गोळ्याच्या दहा सेंटिमीटर मागे असली, तर रेघ ६० सेंटिमीटरवर आणि गोळा ५० वर, म्हणजे गोळा २० टक्के मोठा दिसणार. व्यासातली २० टक्के चूक वजनात घनाने वाढते: १.२ चा घन १.७३. सोळा किलोची वस्तू हिशोबात पावणेअठ्ठावीस किलोची होते. म्हणून माप काढून नेमकं वजन सांगायच्या फंदात पडू नये. जात ठरवावी, आणि विकणाऱ्याने सांगितलेलं वजन त्या जातीत बसतं का एवढंच पाहावं. शिवाय फोनच्या रुंद भिंगात चौकटीच्या कडेला असलेला गोळा बाहेरच्या दिशेने ताणला जातो आणि लांबट दिसतो. तसं दिसलं तर त्याची लहान बाजू धरावी.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. फोटोत पिवळी केटलबेल, अंगावर '२०', खाली लिहिलंय '२० किलो, वापरलेली नाही'. खुणांच्या मार्गाने गेलं तर इथेच भांडण लागतं: स्पर्धेची पिवळी म्हणजे १६, आकडा २०, आणि तो किलोचा का पौंडांचा ते दिसत नाही. आता पट्टी. गोळ्याखालून जाणाऱ्या रेषेवर फरशीची रुंदी पडद्यावर १२० मिलिमीटर भरते. फरशी ६० सेंटिमीटरची धरली तर पडद्यावरचे २ मिलिमीटर म्हणजे खरा एक सेंटिमीटर. गोळा ३९ मिलिमीटर, म्हणजे साडेएकोणीस सेंटिमीटर. हँडलची जाडी साडेसात मिलिमीटर, म्हणजे पावणेचार सेंटिमीटर. फरशी ३० सेंटिमीटरची असती तर हँडल दोन सेंटिमीटरहूनही कमी जाडीचं झालं असतं, दोरीच्या उड्यांच्या मुठीपेक्षाही बारीक, आणि तसं हँडल कुणी बनवत नाही. म्हणजे फरशी ६० चीच.

साडेएकोणीस सेंटिमीटर कुणाचं? बिडाची २० किलोची १७ च्या आसपास हवी, आणि साडेएकोणीस भरायला बिडाला तिशीच्या जवळ वजन लागेल. स्पर्धेची असती तर २१ हवं होतं. फरक फार नाही, पण तिचं हँडल ३३ ते ३५ मिलिमीटरचं, सरळ आणि बिनरंगाचं पोलादी असतं, आणि २० किलोला रंग जांभळा. सिमेंटची २० किलोची २५ सेंटिमीटरच्या पुढे गेली असती. उरते सिमेंटची २० पौंडांची, म्हणजे ९ किलोची, आणि तिचा हिशोब साडेएकोणीसच्या अगदी जवळ येतो. काही कारखाने सिमेंटमध्ये लोखंडाचा चुरा मिसळतात, तसं धरलं तरी एवढ्या आकारात तेरा-चौदा किलोच्या पुढे जाणं कठीण. वीस किलो तर नाहीच.

यानंतर पृष्ठभाग पाहायचा, म्हणजे निकाल पक्का होतो. बिडाच्या ओतकामात दोन साच्यांच्या जोडाची रेघ राहते, आणि हँडलच्या आतल्या बाजूला ती घासून काढल्याची खूण दिसते. अंग किंचित खरबरीत असतं, उजेड पडला तर पसरट, मंद चमकतं. प्लास्टिकच्या कवचावरची जोडाची रेघ सलग, पातळ आणि एकसारखी असते, उजेडाचा ठिपका टोकदार पडतो, आणि तळाशी सिमेंट ओतायच्या भोकाचं गोल बूच असतं. विकणाऱ्याकडे जास्तीचा एकच फोटो मागायची सोय असेल तर तळाचा मागावा. बूच दिसलं की पुढे काही मोजायची गरज नाही. इथे खूण मापापेक्षा वरचढ ठरते हे मान्य करायला हवं, पण ही खूण कारखान्याच्या पद्धतीतून आलेली आहे, कुणी रंगवलेली नाही.

बँडच्या बाबतीत पारडं थोडं हलतं. पुल-अपला वापरतात ते लांब, बंद लूपचे बँड बहुतेक एकाच घराण्याचे असतात: सपाट ठेवले की लांबी ४१ इंच, म्हणजे सुमारे १०४ सेंटिमीटर, आणि जाडी साधारण साडेचार मिलिमीटर. जाडी आणि लांबी सारखीच असल्यामुळे ताकद रुंदीवर ठरते. नेहमीच्या रुंद्या म्हणजे १३, २२, ३२, ४५ आणि ६४ मिलिमीटरच्या आसपास. मापासाठी याहून सोयीची वस्तू नाही, कारण बँड सरळ अंथरलेला असेल तर त्याची स्वतःची लांबीच पट्टी होते. रुंदी लांबीत ऐंशी वेळा बसली तर १३ मिलिमीटरचा, सत्तेचाळीस वेळा बसली तर २२ चा, बत्तीस-तेहतीस वेळा तर ३२ चा, तेवीस वेळा तर ४५ चा. फरशी नको, काही नको. फक्त बँड बारला लटकवून ताणलेला नसावा, कारण ताणला की रुंदी घटते आणि तो एक पायरी हलका वाटतो.

रंग इथेही फसवतो. फिजिओथेरपीत वापरतात त्या थेराबँडच्या सपाट पट्ट्यांत क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढत जातो, म्हणजे काळा निळ्यापेक्षा कडक. लांब लूपच्या अनेक संचांत मात्र काळा हा २२ मिलिमीटरचा, खालून दुसरा-तिसरा असतो, आणि हिरवा त्याच्या बराच वर. खांदा दुखतो म्हणून ज्याला फिजिओने हिरवा सांगितला आहे, त्याने फोटोत हिरवा लूप पाहून घेतला तर ४५ मिलिमीटरचा पट्टा पदरात पडेल. तो माणसाचं बरंचसं वजन पेलून धरतो, खांद्याच्या व्यायामाला मुळीच चालत नाही.

पण पायांच्या व्यायामाचे छोटे लूप, साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद, तिथे माप हात टेकतं. संचातले पाचही लूप लांबी-रुंदीला सारखे आणि फरक फक्त जाडीचा, तोही मिलिमीटरच्या अंशात. फोटोत तो कधीच दिसत नाही. तिथे छापलेला शब्द वाचण्यावाचून गत्यंतर नाही. निदान पाचही एकाच संचातले आहेत ना, अक्षरांचा साचा एकच आहे ना, एवढं पाहावं. दोन संचांची सरमिसळ झाली असेल तर 'मिडियम' लिहिलेले दोन लूप एकमेकांशी जुळतीलच असं नाही. हँडल आणि कडीवाल्या रबरी नळ्यांचंही असंच. बाहेरचा व्यास मोजता येतो, पण ताकद भिंतीच्या जाडीवर असते आणि ती फक्त कापलेल्या टोकाला दिसते. त्यामुळे तिथे मी वजनापेक्षा अवस्था पाहतो: नळी कडीच्या खोबणीत शिरते त्या बोटभर भागात पांढरट रेघा किंवा बारीक चिरा आहेत का. तुटते ती बहुधा तिथेच. अंगभर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नये, लॅटेक्स चिकटू नये म्हणून ती लावलेली असते.

अ‍ॅब व्हीलला, म्हणजे पोटाच्या व्यायामाच्या चाकाला, फार वेळ द्यायला नको. फोटोत त्याची गल्लत होते ती योगा व्हीलशी, आणि फरक आकारातच आहे: योगा व्हील ३० सेंटिमीटरहून मोठं, मधून मोकळं, दांडा नसलेलं. अ‍ॅब व्हील त्याच्या जवळपास निम्मं आणि दोन्ही बाजूंना मुठी. चाक एक की दोन हे दिसतंच. दिसत नाही ती आतली स्प्रिंग. चाक हाताच्या पंजाहून रुंद, मधला भाग दोन्ही बाजूंनी झाकलेला आणि तुंब्यासारखा फुगीर असेल तर स्प्रिंगवालं असण्याची शक्यता धरावी. ते परत येताना ढकलतं, त्यामुळे नवख्याला सोपं आणि सरावलेल्याला कमी उपयोगाचं. साध्या चाकात फक्त एक गोष्ट मोजावी: चाकाच्या दोन्ही बाजूंच्या मुठींची लांबी. एका बाजूला फोम आणि चाक यांच्या मधे उघडा दांडा दिसत असेल, तर एक तर फोम सरकलाय किंवा आतली चकती हरवली आहे. सरकलेला फोम पुन्हा चिकटवता येतो. चकती नसली तर चाक दांड्यावर डुलतं आणि शरीर लांब ताणलेलं असताना एका बाजूला ओढतं.

विकणारा बोलायला तयार असेल तर एकच मागणी करावी: केटलबेल जमिनीवर ठेवून तिच्या बाजूला, गोळ्याच्या मध्याशी समांतर, साधा ए-फोर कागद आडवी घडी न घालता उभा टेकवायचा, आणि दोन मीटर मागे जाऊन झूम करून फोटो काढायचा. ए-फोरची रुंदी बरोबर २१ सेंटिमीटर, म्हणजे स्पर्धेच्या गोळ्याच्या व्यासाइतकीच. गोळा कागदाइतका रुंद आणि हँडल बिनरंगाचं पोलादी दिसलं तर स्पर्धेची म्हणून रंग वाचावा. कागदाहून स्पष्ट लहान आणि अंग खरबरीत असेल तर बिडाची म्हणून आकडा वाचावा, आणि व्यास त्या आकड्याशी जुळतो का ते पाहावं. आकार कोणताही असो, गोळा वर चकचकीत आणि हँडलसकट एकाच प्लास्टिकचा असेल तर तळाचा फोटो मागावा. घरात वजनकाटा असेल आणि तो त्यावर ठेवून फोटो पाठवायला तयार असेल, तर यातलं काहीच करायला नको. फक्त गोळा रुंद असल्यामुळे काट्यावर ठेवल्यावर काचेवरचा आकडा झाकला जातो, म्हणून तिच्याखाली एक उलटी वाटी ठेवायला सांगावी आणि वाटीचं वजन वजा करावं.